दुसऱ्या नंबरवर

मेधाताई फोटोतल्या माणसाकडे सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी कोपरे बघायच्या. मी अमेरिकेत डब्लिनला नवीन आले तेव्हा लायसन्स मिळेपर्यंत त्याच मला ऑफिसला सोडायच्या, आणि पहिल्याच आठवड्यात सिग्नलला मी माझ्या चुलतबहिणीच्या साखरपुड्याचा फोटो दाखवला तर म्हणाल्या, "मागे तो स्टुलावर चढलेला माणूस कोण आहे नं? पंखा सुरू आहे आणि हा तोरण बांधून राहिला." बहीण त्यांना दिसलीच नव्हती. तो माणूस म्हणजे माझे काका होते, आणि त्या पंख्याची गोष्ट सांगता सांगता ऑफिस कधी आलं ते कळलं नाही.

मेधाताई मूळच्या नागपूरच्या. वय सेहेचाळीस, घटस्फोटित, एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम. लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हा त्यांचा धंदाही होता आणि स्वभावही. "एकदा झालं तर योगायोग, दोनदा झालं तर संशय, तिसऱ्यांदा झालं तर बग," असं त्या म्हणायच्या आणि ते प्रोग्रॅमलाच नाही, माणसांनाही लावायच्या. कुणी दुखावलं तर विसरायच्या नाहीत. मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणाला त्यांच्या पुडाच्या वडीला 'सामोसा' म्हणणाऱ्या बाईंशी त्या चार वर्षं फक्त हवामानाबद्दल बोलत होत्या.

मी फोनवर फोटोंची जी 'स्टोरी' टाकायचे, तिला येणाऱ्या उत्तरांबद्दलही त्यांची मतं ठाम होती. मी स्टोरीत काही टाकलं की लगेच तीन-चार जणांकडून आगीचे इमोजी यायचे, एक जण दर वेळी 'ब्यूटिफुल डिअर' लिहायचा. मेधाताई गाडी चालवता चालवता निकाल द्यायच्या. "रूपाबद्दल लिहिलं की संपलं. त्यावर पोरीनं काय म्हणावं? थँक्यू. मग? दार बंद. फोटोत जे आहे त्यातलं एक बारीक काहीतरी उचलायचं, जे बाकीच्यांनी पाहिलं नाही. थोडं चिडवायचं. आणि प्रश्न असा विचारायचा की उत्तर द्यायला मजा येईल, पण नाही दिलं तरी कोणाचं बिघडणार नाही."

"आणि रोज स्टोरी टाकली तर?"

"रोज उत्तर द्यायचं नाही. चार सोडायच्या, एकीला द्यायचं. नाहीतर पहारा दिल्यासारखं होते. तिनं उत्तरात नुसता बदामाचा इमोजी टाकला तर समजायचं, गप्पा नको आहेत, आपणही गप्प बसायचं. आणि एकाला उत्तर नाही आलं तर दुसरा मेसेज पाठवायचा नाही. तिसरा तर मेल्यावरही नाही."

हे सगळं त्यांना कुठून ठाऊक, असं मी एकदा विचारलं. "टेस्टिंग," म्हणाल्या आणि रेडिओ लावला.

त्या हिवाळ्यात मी बाल्कनीतल्या तुळशीला माझा जुना स्वेटर गुंडाळला आणि शेजारी उभी राहून फोटो टाकला. सारंग नावाच्या मुलाचं उत्तर आलं. तोही माझ्यासारखा मंडळाच्या ढोल पथकात होता, तोंडओळख होती. त्यानं लिहिलं होतं : 'या फोटोत सगळ्यात छान तुळस आहे. तुम्ही दुसऱ्या नंबरवर. थोडक्यात हुकलं.' आणि खाली : 'स्वेटर तिला परत मागणार का?'

मी किचनमध्ये एकटीच हसले. सात मिनिटं मुद्दाम थांबून लिहिलं, 'तिला विचारून सांगते.' तासाभराने तो : 'घाई नाही. तिलाही विचार करू दे.' बस्स, एवढंच. पुढचे तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी बर्फ पडला तेव्हा एकच ओळ : 'पेशंट कशी आहे?' मेधाताईंचे सगळे नियम घोटून प्यायल्यासारखा मुलगा होता. अंगचटीला येणं नाही, उत्तरासाठी तगादा नाही, फोटोबद्दलचं एकही वाक्य माझ्या चेहऱ्याबद्दल नाही. अडीच महिन्यांत आम्ही कॉफीवरून जेवणावर आणि जेवणावरून आईवडिलांवर आलो. त्यानं आईला माझ्याबद्दल सांगितलं, असं तो म्हणाला. मी पुण्याला फोन करून माझ्या आईला स्थळं बघणं थांबवायला लावलं. एक चांगलं स्थळ तर होकार येऊनही नाकारलं. आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

मेधाताईंना मी नाव सांगितलं नव्हतं. नुसतं 'आहे कुणीतरी' एवढंच. दृष्ट लागेल असं वाटत होतं बहुतेक.

मार्चमध्ये सारंगची उत्तरं आखडली. मग माझे मेसेज वाचून नुसते 'सीन' व्हायला लागले, उत्तर नाही. मग एका शनिवारी पथकाच्या सरावानंतर पल्लवीनं, म्हणजे माझ्याच रांगेत ताशा वाजवणाऱ्या मैत्रिणीनं, लाजत लाजत फोन पुढे केला. तिच्या मांजराचा फोटो होता. खाली लिहिलं होतं : 'या फोटोत सगळ्यात छान मांजर आहे. तुम्ही दुसऱ्या नंबरवर. थोडक्यात हुकलं.'

सोमवारी गाडीत मी रडले. मेधाताईंनी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी घातली.

"काहून रडून राहिली? नीट सांग."

मी सगळं सांगितलं आणि मेसेज वाचून दाखवला. त्या समोरच्या काचेकडे बघत होत्या.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचला. त्यांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाल्या, "तुळस झाली, मांजर झालं. दोन झाले. आता तिसरं सापडते का बघू."

मेधाताईही पथकात लेझीमला असायच्या; त्यांनी पथकातल्या बायकांच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली : 'दुसऱ्या नंबरवर कोण कोण?' ज्यांना कळायचं नव्हतं त्यांनी विचारलं, लेझीमची रांग का? ज्यांना कळायचं होतं त्यांनी मेधाताईंना खासगीत लिहिलं. संध्याकाळपर्यंत आणखी तिघी निघाल्या. एकीची पैठणी पहिल्या नंबरवर होती, एकीची सायकल, एकीच्या हातातला भोपळा. त्यातल्या एकीनं त्याच्यासाठी शिकागोची नोकरी सोडली होती. तिचीही गोष्ट दोघांच्या आयांपर्यंत पोचली होती.

पल्लवी म्हणाली, "ताई, मंडळाच्या मेन ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकूया. सगळ्यांना कळू दे."

"अजिबात नाही," मेधाताई म्हणाल्या. "मग लोक त्याच्याबद्दल नाही, आपल्याबद्दल बोलतील. आपण ओरडायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. त्याचंच त्याला परत द्यायचं. सभ्यपणे."

सारंग दर रविवारी सकाळी सायकलवरून आला की फोटो टाकायचा. हेल्मेट काखेत, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर आपण कॅमेऱ्याकडे बघतच नाही असा भाव. एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही पाच जणी मेधाताईंच्या स्वयंपाकघरात फोन घेऊन बसलो. त्यांनी सगळ्यांना थालीपीठं वाढली. पावणेदहाला स्टोरी आली.

"कोपरे वाटून घ्या," मेधाताई म्हणाल्या.

पल्लवीनं लिहिलं, 'या फोटोत सगळ्यात छान तो कचऱ्याचा डबा आहे. तुम्ही दुसऱ्या नंबरवर. थोडक्यात हुकलं.' तिच्यानंतर दोन मिनिटांनी पाण्याची बाटली गेली, मग शेजाऱ्याचा मेलबॉक्स, मग फुटपाथवरची खार. मी सायकलचं मागचं चाक घेतलं होतं. खरं सांगते, मला आनंद होत होता. आईचा दोन दिवसांचा अबोला, ते नाकारलेलं स्थळ, तुळशीच्या स्वेटरवर हसलेली मी, सगळं त्या चाकात घातलं आणि पाठवलं.

"मी शेवटी," मेधाताई म्हणाल्या.

आम्हाला वाटलं, त्या आमच्या वतीनं लिहिणार. मी त्यांच्या मागे पाणी घ्यायला उठले होते, म्हणून मला त्यांचा फोन दिसला. स्टोरीला उत्तर दिलं की ते जुन्याच संवादाच्या खाली जाऊन बसतं, आणि जुना संवाद वर होता. दोन वर्षांपूर्वीचा. 'या फोटोत सगळ्यात छान थालीपीठ आहे. तुम्ही दुसऱ्या नंबरवर. थोडक्यात हुकलं. त्याला पाच भोकं का?' त्याखाली मेधाताईंचं लांबलचक उत्तर, की आई पाच पाडायची, म्हणून. मग त्याचे, त्यांचे, त्याचे, त्यांचे. मग त्याचे कमी कमी होत गेलेले. आणि अगदी खाली एकाखाली एक तीन मेसेज, तिन्ही मेधाताईंचे, एकालाही उत्तर नाही. शेवटचा होता : 'काही चुकलं का माझं?'

त्यांनी त्याच्याखाली टाइप केलं, 'या फोटोत सगळ्यात छान ती भिंत आहे. तुम्ही दुसऱ्या नंबरवर. थोडक्यात हुकलं.' पाठवलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक थालीपीठ टाकलं, आणि मी निमूटपणे खाल्लं.

पल्लवीच्या फोनवर सारंग टाइप करतोय असं दिसलं, मग थांबलं, मग पुन्हा दिसलं. दहा वाजता त्यानं स्टोरी काढून टाकली. दुपारी सगळ्यांना वेगवेगळ्या माफ्या आल्या. मेधाताईंना आली ती अशी : 'सॉरी. तुम्ही इतकं सिरियसली घ्याल असं वाटलं नव्हतं.'

"काय उत्तर देणार?" मी विचारलं.

"काही नाही. उघडलं. त्याला 'सीन' दिसलं. बस्स."

आमच्या पाचजणींचं तिथे संपलं. त्यांचं नाही संपलं. सारंगनं नवी स्टोरी टाकली की पहिल्या काही मिनिटांत मेधाताई ती बघायच्या. नुसत्या बघायच्या. कोणी कोणी पाहिलं ती यादी टाकणाऱ्याला दिसते, आणि त्या यादीत दर वेळी त्यांचं नाव असायचं. मीटिंगमधून, पेट्रोल भरताना, दाताच्या डॉक्टरकडच्या खुर्चीतूनही. शब्द नाही, इमोजी नाही.

"त्यानं तुम्हाला लपवलं तर?" मी म्हटलं. स्टोरी एखाद्यापासून लपवता येते.

"लपवू दे नं. पल्लवीला दिसेल, मला नाही दिसणार, मला समजेल. आणि मला समजलं हे त्यालाही समजेल." त्या गाडीचा इंडिकेटर देत होत्या. "मी काही त्रास देऊन राहिली का? स्टोरी बघायलाच टाकली होती नं त्यानं?"

त्यानं लपवलं नाही. सहा आठवड्यांत त्यानं स्टोरी टाकणंच बंद केलं. सायकल नाही, हेल्मेट नाही, काही नाही. पथकातही पुढच्या गणपतीला तो आला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, असं पल्लवी म्हणते. मला नाही वाटलं.

पुढच्या वर्षी मेधाताईंना टेक्सासमध्ये नोकरी लागली. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "फोटोतलं बारीक बघशील. पण ते तुझ्या डोळ्यांनी दिसलेलं असू दे, पाठ केलेलं नको." नंतर कधीतरी मी एका मुलाच्या स्टोरीला लिहिलं की मागच्या शेल्फवर कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत आणि कुकर एकच दिसतोय, बाकीचे कुठे आहेत? त्यानं दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. त्याच्याशी मी अजून बोलते. पण ते या गोष्टीत नाही.

गेल्या महिन्यात मेधाताईंनी दोन वर्षांत पहिल्यांदा स्टोरी टाकली. नवं घर, खिडकी, टेबलावर पाच भोकांचं थालीपीठ. मी आधी कोपरे पाहिले. डाव्या कोपऱ्यात दुसरी ताटली होती. म्हणजे कुणीतरी आहे, असं वाटून मला आनंद झाला. मी लिहिलं, 'ताई, दुसरी ताटली कोणाची?'

उत्तर लगेच आलं नाही. मी दुसरा मेसेज पाठवला नाही. संध्याकाळी आलं :

'माझीच. पहिलं जळलं होतं, ते ठेवलं आहे त्यात.' आणि त्याखाली : 'तो अजून काही टाकत नाही नं?'

मी सारंगच्या पानावर जाऊन पाहून आले. मग लिहिलं, 'नाही ताई. काहीच नाही.'

त्यावर त्यांनी बदाम टाकला.