पगारेकाकांचं टेबल

उत्पादन शुल्काच्या नाशिकमधल्या एका कचेरीत सावळीराम पगारे अठरा वर्षं एकच टिपण लिहीत आले. दारूच्या बाटलीची किंमत शंभर होती तेव्हा बाटलीमागे वीस रुपये शुल्क ठरलं. महागाईने किंमत दोनशेवर गेली, शुल्क आपलं वीसच. पाचवा हिस्सा होता तो दहावा झाला. म्हणून पगारे दरसाल ‘दर वाढवावा’ असं लिहीत, आणि फाईल मुंबईत जाऊन सुखाने झोपे.

नव्या साहेब तेजल मॅडम म्हणाल्या, "पगारेकाका, सरकार आता किमतीच्या वीस टक्के लावणार. दोनशेला आपोआप चाळीस. टिपणाची कटकटच नको!"

"आणि माझ्या टेबलाचं काय, मॅडम?"

"सुरगाण्याच्या कचेरीत एक जागा रिकामी आहे. हवा छान आहे म्हणतात."

निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या पगारेंनी त्या आडगावी जाणाऱ्या एसटीचं वेळापत्रक शोधायला घेतलं.

टक्केवारी लागू झाली. पहिल्याच महिन्यात एका सज्जन कारखानदाराने दोनशेची बाटली कागदावर एकशेवीसची दाखवली आणि शुल्क भरलं चोवीस. बाटल्या मोजता येत होत्या, खरी किंमत मात्र हुडकावी लागणार होती.

मॅडमनी स्वतः खुर्ची पुढे केली. "बसा काका. हे भाव आता तुम्हीच तपासायचे."

पगारेंनी त्या सज्जनाला मनोमन उदंड आयुष्य चिंतलं.