सिद्धूचा पाय

करुणानं त्या दिवशी पाचव्यांदा तेच वाक्य उच्चारलं, "पाय, सिद्धू, पाय!" आणि पाचव्यांदा सिद्धूचा पाय उशिराच आला.

करुणा बारामतीजवळच्या कन्हेरीची. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहून विमानं बघणाऱ्या पोरांमध्ये तीही असायची, पण बाकीची पोरं घरी गेली तरी ती तिथंच थांबायची. आता बारामतीच्या त्याच धावपट्टीवर ती दिवसाला चार-पाच उड्डाणं शिकवत होती. मोठ्या कंपनीचं विमान चालवायचं अजून जमलं नव्हतं. जाहिराती यायच्या, परीक्षा व्हायच्या, पत्र काही यायचं नाही. वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती दुसऱ्यांना वळायला शिकवत होती.

सिद्धू अंथुर्ण्याचा. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, मग वडिलांनी, आबांनी, ऊस लावला. सिद्धू चौदाव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवत होता, हे तो स्वतःच सगळ्यांना अभिमानानं सांगायचा. त्यानं ते सांगायला नको होतं. आता बाकीची पोरं त्याला 'नांगर्‍या' म्हणत.

"सिद्ध्या, आज नांगर जोडलायस का मोकळाच?" रणजितनं सकाळी कँटीनमध्ये विचारलं होतं. रणजितचं एकट्याचं उड्डाण अकराव्या तासाला झालं होतं. सिद्धूचे एकोणीस तास भरले होते आणि शेजारची प्रशिक्षकाची खुर्ची अजून रिकामी झाली नव्हती.

मुख्य प्रशिक्षकांनी काल करुणाला बोलावून घेतलं. "उद्या शेवटचं बघा. तयार असेल तर सोडा एकटा. नसेल तर प्रगती नाही असं लिहा. मी समितीपुढं ठेवतो."

समितीपुढं गेलेला पोरगा सहसा परत येत नसे. म्हणून आजची फेरी.

विमान सोमेश्वरनगरच्या बाजूला चार हजार फुटांवर होतं. खाली उसाचे चौकोन, मधून गेलेले कालवे, दूरवर कारखान्याची चिमणी. करुणा समोरच्या गोल तबकडीवरच्या नळीतल्या काळ्या चेंडूकडे बघत होती. वळण नीट असेल तर तो चेंडू मधोमध राहतो. सिद्धू डावीकडे वळायला लागला की चेंडू आधी डावीकडे पळायचा, आणि मग, वळण चालू असताना, उजवीकडे जाऊन बसायचा. दोन्ही चुका एकाच वळणात. तिला कळत नव्हतं की हा पोरगा करतो काय.

"चेंडू ज्या बाजूला पळतो त्या बाजूचं पॅडल पायानं दाबायचं," ती म्हणाली. "हे तू पाठ केलंयस ना?"

"केलंय की म्याडम."

"मग होत का नाही?"

सिद्धूनं पुन्हा वळण धरलं. या वेळी तिनं चेंडूकडे बघायचं सोडून सिद्धूच्या बुटांकडे बघितलं.

आधी हात वळला. मग, एका श्वासानंतर, डावा पाय खाली गेला. आणि तिथंच राहिला. वळण पुरतं झालं, विमानाचं नाक नव्या दिशेला आलं, तेव्हाच पाय उचलला गेला.

"सिद्धू, बांधाशी ट्रॅक्टर वळवताना काय करतोस?"

तो चमकला. "आधी स्टेरिंग फिरवायचं. मग आतल्या चाकाचा ब्रेक दाबायचा."

"आणि सोडायचा कधी?"

"सरीवर तोंड आलं की. त्याच्या आधी सोडला तर ट्रॅक्टर बांधावर चढतोय न्हवं."

करुणाला हसू आलं नाही. एकोणीस तास ती चेंडू बघत बसली होती आणि पाय तिच्या शेजारीच होता. स्वतःचा राग आला.

"दोन्ही पाय खाली ठेव. पॅडलला लावू नकोस. नाक चिमणीवर धर. आता नुसत्या हातानं डावीकडे झुकव."

सिद्धूनं झुकवलं. विमान डावीकडे कललं आणि नाक मात्र चिमणीवरून उजवीकडे सरकलं, जणू वळायचंच नव्हतं.

"आरं! उलटंच पळालं की."

"डावीकडे कलायचं तर उजवा पंख वर उचलावा लागतो. त्याच्या मागच्या कडेची फळी खाली झुकते, जास्त उचल देते. पण जास्त उचल फुकट मिळत नाही, तेवढाच तो पंख हवेत ओढला जातो, मागं. म्हणून नाक उजवीकडे. पाय आहे तो हे थांबवायला, वळवायला नाही. वळवतो तो पंखाचा कल."

"मंजे पाय हाताबरोबर."

"हाताबरोबर. आणि कल मिळाला, हात मधे आला, की फळ्या सरळ झाल्या. ओढ संपली. मग पायाला काम काय?"

"काय न्हाय."

"मग तू दाबून का बसतोस? सरळ होताना परत हात, परत पाय, उलट्या बाजूचा."

पुढची चार वळणं त्यानं तशी घेतली. चेंडू जवळजवळ हलला नाही. करुणानं विमान धावपट्टीकडे वळवायला सांगितलं. धावपट्टीभोवतीची एक चक्कर चांगली झाली. दुसरीही. तिसऱ्या चक्करनंतर उतरायचं आणि आपण खाली उतरून त्याला एकटा सोडायचा, असं तिनं मनात ठरवून टाकलं.

तिसऱ्या चक्करला मागून वारा लागला. शेवटच्या वळणाला विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे निघून जायला लागलं. पाचशे फूट, वेग कमी. सिद्धूला नाक आत आणायचं होतं. डावा पाय खाली गेला आणि तिथंच राहिला. पंख जास्त कलायला लागला तसा त्यानं हात उजवीकडे ओढला. चेंडू उजव्या टोकाला.

"माझ्याकडे!" करुणा ओरडली आणि तिनं ताबा घेतला. पाय सुटला, नाक खाली, इंजिनाला पूर्ण ताकद, पंख सरळ. विमान धावपट्टीवरून वर निघून गेलं.

पुढचं उतरणं तिनंच केलं. तिनं इंजिन बंद केलं.

"रेघ सुटत हुती म्याडम," सिद्धू म्हणाला. "म्हणून आत ओढलं."

"सुटली तर सुटू द्यायची. वर जायचं, परत यायचं. त्या उंचीवर त्या आतल्या, डाव्या पंखाची उचल संपली असती ना, तर विमान त्याच बाजूला गिरकी घेत पडलं असतं. सावरायला जागाच नव्हती."

"वर मी बरोबर केलं हुतं की. तुमीच म्हणालात."

"वर घाई नव्हती."

"मग मी घरी जाऊ का? आबांना काय सांगू?"

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, आणि त्याची बाजूही घ्यायची होती, आणि दोन्ही करून काही उपयोग नव्हता. ती ऑफिसात गेली. मुख्य प्रशिक्षकांनी मान वर न करता विचारलं, "सोडला?"

"नाही सर."

"मग लिहा."

करुणानं नोंदवही ओढली. 'प्रगती नाही' हे दोन शब्द लिहायला एक मिनिटही लागलं नसतं. पण ते खरं नव्हतं. 'एकट्यानं उडायला तयार' हेही खरं नव्हतं.

मग तिनं लिहिलं: 'उंचीवर वळणं बरोबर. शेवटच्या वळणात घाईत पाय दाबून धरतो. सवय ट्रॅक्टरची आहे, प्रशिक्षकाच्या आज लक्षात आली. रेषा सुटल्यावर वर जाण्याचा सराव द्यावा. एकटं सोडण्याची शिफारस नाही. समितीकडे पाठवण्याचीही नाही.'

सरांनी वाचलं. "प्रशिक्षकाच्या आज लक्षात आली? एकोणीस तासांनी? हे तुमच्या फायलीत जाईल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मोठ्या कंपनीत अर्ज केलेत तुम्ही. ते फाईल मागवतात."

"मागवू द्या."

सरांनी वही मिटली. "आणखी तीन उड्डाणं देतो. चौथं नाही."

बाहेर सिद्धू विमानाच्या चाकाला टेकून बसला होता. करुणानं त्याला सांगितलं. त्यानं उठून हात जोडले.

"आभार नको मानूस," ती चिडून म्हणाली. "उद्या सहाला ये. आणि गावाकडं गेलास तर ट्रॅक्टरवर बसू नकोस."

"व्हय म्याडम. पण उद्या आमच्याकडं नांगरट हाय."

"सिद्धू!"

"आबा चालवतील," तो घाईनं म्हणाला.