नऊ मिनिटांचं अंडं

माझी वहिनी डोंगरावर अंडी उकडते. गेली सव्वीस वर्षं, एकाच जागी, बस स्टँडच्या वरच्या फाटकाजवळच्या पत्र्याच्या टपरीत. एक मोठं पातेलं, एक शेगडी, मीठ-मिरपुडीच्या दोन डब्या आणि खिळ्याला टांगलेलं घड्याळ, एवढाच तिचा पसारा. तिथे तिला सगळे 'नऊ मिनिटंवाली' म्हणतात, कारण अर्धवट उकडलेलं अंडं मागितलं की ती घड्याळाकडे बोट दाखवते. नऊ म्हणजे नऊ. समोर कुणी का उभा असेना.

आमचं दोघींचं फारसं कधी जमलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मी तिची धाकटी नणंद. खाली सपाटीवर, समुद्राजवळच्या गावात शिवणकाम करते. जीभ माझी जरा तिखटच आहे, पण मापात मी कधी चुकत नाही.

माझा दादा बस चालवायचा. संध्याकाळी गाडी वर न्यायची, डेपोत झोपायचं आणि सकाळी सातला पहिली गाडी खाली आणायची, ही त्याची ड्यूटी. वरच्या पहिल्याच सकाळी त्याने टपरीवर अंडं मागितलं आणि पाच मिनिटं झाली नाहीत तोच घाई लावली. वहिनी तेव्हा विशीतली पोर, पण ऐकणारी नव्हे. दादा हटूनच बसला तेव्हा तिने अंडं काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्याने टवका काढला आणि कच्चा पांढरा बलक त्याच्या युनिफॉर्मच्या बाहीवरून कोपरापर्यंत ओघळला. नऊ मिनिटं उभं राहायचं नसेल तर पुढचं दुकान बघा, म्हणाली. दुसऱ्या दिवशी दादा नऊ मिनिटं आधी आला. पुढच्या आठवड्यात अर्धा तास आधी. वर्षाच्या आत लग्न झालं.

लग्नाला ती एक दिवस खाली उतरली, तेवढीच. कान बंद झाले, जीव घुसमटला म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन परत वर. आमच्या स्वयंपाकघरात तिने पाण्याचा तांब्यासुद्धा उचलला नाही. आई जाईपर्यंत हे बोलत राहिली आणि आईनंतर ते काम मी चालू ठेवलं.

लग्नानंतरही दादाचा नेम मोडला नाही. मूलबाळ झालं नाही त्यांना. ती दिवसभर टपरीवर, तो दिवसभर रस्त्यावर, पण सकाळी अंडं पाण्यात पडलं की तो टपरीपुढच्या फळकुटावर बसायचा आणि दोघं बोलायची. काय बोलायची देव जाणे.

मग दादाच्या छातीने दगा दिला. दोन पावलं चाललं की धाप. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं थकलीत, वरची विरळ हवा यांना पुरत नाही, खाली न्या. मी आणलं त्याला माझ्याकडे. आठ दिवसांत माझा जिना चढायला लागला. डॉक्टरांनी पुन्हा बजावलं, आता वर जायचं नाही, कधीच नाही. वहिनीला खाली येता येईना. तिची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि म्हातारी तो डोंगर सोडायला तयार नव्हती.

झालं, तेव्हापासून दादा जेवेना. रोज दोन अंडी द्या असं डॉक्टरांचं सांगणं. मी मनापासून उकडायची. तो टवका काढायचा, चमचा घालायचा आणि बशी सारून द्यायचा. 'तिच्या हातचं नाही हे.' आता ऐका! अंड्यात कसली आलीय हाताची चव? मीठ घालायचं ते वरून. पण भाऊ दिवसेंदिवस वाळत चालला होता, म्हणून मान खाली घालून वहिनीला फोन केला. ती म्हणाली, उकळत्या पाण्यात सोडा आणि बरोबर नऊ मिनिटांनी काढा.

मी घड्याळ समोर ठेवून नऊ मिनिटं मोजली. पिवळा बलक असा घट्ट, की चमचा उभा राहील. पुन्हा केलं, तेच. ताजी अंडी आणली, पातेलं बदललं, तरी तेच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई मुद्दाम चुकीचं सांगतेय. आपल्यासारखं अंडं दुसऱ्या कुणाला जमू नये, नवऱ्याने आपलीच आठवण काढत बसावं, हा तिचा डाव. संताप संताप झाला माझा.

त्याच आठवड्यात दादाने पिशवी भरली. दोन शर्ट, स्वेटर, औषधं. मी वर जातो, म्हणाला. मी आरडाओरडा केला, डॉक्टरांचं नाव घेतलं, आईची शपथ घातली. तो शांतपणे खाटेवर बसून होता. 'इथे श्वास येतो गं,' तो म्हणाला, 'पण कशासाठी घ्यायचा तेच कळत नाही.' चार दिवस थांब, मी स्वतः जाऊन तिला घेऊन येते, असं सांगून त्याच्याकडून शब्द घेतला आणि शेजारणीला त्याच्यापाशी बसवून बस पकडली.

वर पोचले ती सकाळी, दात वाजत होते. वहिनी मला बघून उभीच राहिली. तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, 'हे कसे आहेत?' मी काही बोलणार तोच गाडी लागली आणि गिऱ्हाइकं आली. जरा टपरी बघा म्हणून ती पाण्याची बादली आणायला नळावर गेली. मी मनात म्हटलं, दाखवतेच आता. पातेल्यात पाणी खळाखळा उकळत होतं. अंडी सोडली, शेगडी पूर्ण मोठी केली आणि सहा मिनिटांनी काढली. माझ्या घरी सहा मिनिटांत झकास होतात. पहिल्याच गिऱ्हाइकाने फोडलं आणि पांढरं पाणी त्याच्या कोटावर.

वहिनी धावत आली, त्याची माफी मागितली, उरलेली अंडी परत पाण्यात सोडली. मग माझ्याकडे वळली. नऊ मिनिटं सांगितली होती ना, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या नऊ मिनिटांनी माझ्या घरी दगड होतात, दगड! सहा वर्षांच्या पोरी भांडाव्यात तशा भांडलो आम्ही, भर स्टँडवर.

फळकुटावर वेधशाळेतला माणूस शेजारून आणलेला चहा पीत बसला होता, रोजचाच होता तो. हसत म्हणाला, दोघी बरोबर आहात. खिशातून थर्मामीटर काढून त्याने सरळ उकळत्या पातेल्यात धरला. पारा ब्याण्णववर थांबला. शेगडी आणखी मोठी करायला लावली. बुडबुडे वाढले, पारा जागचा हलला नाही. या उंचीवर हवा विरळ, तिचा पाण्यावरचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं, पण त्यापुढे तापतच नाही, त्याने सांगितलं. खाली शंभराला उकळतं. शिवाय इथली अंडी रात्रभर गारठलेली. तेव्हा इथे नऊ आणि तुमच्याकडे सहा.

माझा राग कुठल्या कुठे गेला. सव्वीस वर्षं जिने खाली कधी चूल पेटवली नाही, तिला काय माहीत? खालचे लोक घाईचे, एवढंच तिला वाटत आलेलं. मी चोरून तिच्याकडे बघितलं. ती पातेल्याकडेच बघत होती.

'म्हणजे ह्यांचा श्वास कमी पडतो, तो याच हवेने?' तिने त्याला विचारलं.

'याच.'

मग ती खाली बसली. गाडी गेल्यावर म्हणाली, 'वन्सं, ते रोज फोनवर विचारतात, येऊ का म्हणून. येऊ नका असं मी एकदाही म्हटलं नाही. तोंडच उघडत नाही माझं. दर संध्याकाळी गाडी आली की तिच्या दारापाशी जाऊन उभी राहते.' आणि रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच ठेवला असेन, आणि मलाही रडू आलं. घरी आणते म्हणून आले होते मी, पण टपरीमागच्या खोलीत तिची म्हातारी आई खोकत होती. चल म्हणायचं कोणत्या तोंडाने?

निघताना वेधशाळेवाल्याला एकच विचारलं, खाली नऊ मिनिटं लावायची असतील तर? तो म्हणाला, अंडं फ्रीजमधून काढून थेट सोडा आणि पाणी उकळू देऊ नका, बुडाशी बारीक बुडबुडे धरले की आच तेवढीच ठेवा. त्याने तो थर्मामीटरही दिला मला, परत आणून द्या म्हणाला.

घरी आले तर दादा दारातच, पिशवी मांडीवर. माझ्यामागे बघत होता, कुणी आहे का म्हणून. मी वहिनीला फोन लावून त्याच्या हातात दिला.

काय बोलणं झालं ते मला अर्धंच ऐकू आलं. पण वहिनीचं एक वाक्य स्पष्ट आलं, कारण ती ओरडून बोलत होती, रडू फुटू नये म्हणून. 'अहो, येऊ नका. इथली हवा पाण्याला धड तापू देत नाही, तुम्हाला काय श्वास घेऊ देणार? येऊ नका तुम्ही.' दादाने बराच वेळ फोन कानाला धरून ठेवला. मग पिशवी खाटेखाली सरकवली.

आता रोज सकाळी सव्वासहाला फोन लागतो. वहिनी वर तिच्या पातेल्यात एक अंडं सोडते, मी इथे दोन, मंद आचेवर, पारा ब्याण्णववर धरून. फोन टेबलावर उघडा असतो आणि दादा खुर्ची ओढून बसतो. त्यांचं बोलणं ऐकलंय मी. वर धुकं किती, खाली दूधवाला आला का, तिच्या आईला झोप लागली का. बस्स, एवढंच. मग ती म्हणते झालं, हा म्हणतो झालं, आणि दोघं आपापली अंडी सोलतात. हल्ली तो दोन्ही खातो.

परवा मला अक्कल सुचली. म्हटलं, दादा, गॅस जरा मोठा केला तर इथे सहा मिनिटांत होतं रे. तसंच मऊ होतं, चव तीच.

त्याने माझ्याकडे बघितलं. 'माहीत आहे,' म्हणाला. 'पण तीन मिनिटं कशाला सोडू?'

मी गॅस होता तिथेच ठेवला.