त्या दिवशी त्याच्या मनात काय होतं

वकिलीच्या पहिल्या वर्षी माझ्या अंगात भलती खुमखुमी होती. पन्नास-पंचावन्नचा तो काळ. ज्याच्या त्याच्या तोंडी ‘चारसोबीस’ होतं, आणि मला ते कलम कधी एकदा कुणाला लावतो असं झालं होतं.

अंधेरीला आमच्या सीनियरांच्या ऑफिसात मरोळकडच्या गावठाणातली एक ख्रिस्ती विधवा आली. तिचा नवरा लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. त्याला पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी बँडमधला त्याचा जिवलग दोस्त घरी येऊन ढसाढसा रडला. “वहिनी, हा मोसम त्याचा ट्रंपेट मी वाजवतो आणि परत आणून देतो,” म्हणाला. तिने ट्रंपेट दिला. त्याने तो विकून टाकला.

“नंतर बुद्धी फिरली असेल त्याची,” ती म्हणाली. तक्रार करायला आलेली बाई आरोपीची बाजू घेत होती! मला रागच आला.

सीनियर मात्र शांतपणे म्हणाले, “तोच तर प्रश्न आहे, मावशी. वस्तू घेताना मन साफ असेल आणि पुढे फिरलं, तर तो विश्वासघात, कलम चारशे सहा. घेतानाच परत द्यायचं मनात नसेल, खोटं बोलून घेतली असेल, तर फसवणूक, चारशे वीस. नुसता परत आणला नाही, एवढ्यावरून आधीचं मन कळत नाही. पुरावा लागतो.”

पुरावा शोधायला मला पिटाळलं. वाद्यं विकत घेणाऱ्या दुकानदाराने आढेवेढे न घेता सांगितलं, की तो माणूस आधीच येऊन सौदा पक्का करून गेला होता. इसाराच्या पावतीवर त्या दिवसाची तारीख होती. मी हिशेब केला: नवरा तेव्हा इस्पितळात होता, जिवंत.

मी अक्षरशः उड्या मारत परत आलो. ती बाकावर बसली होती.

“मावशी, चारसोबीस लागलं! चारशे सहाला फार तर तीन वर्षं, याला सात वर्षांपर्यंत!”

ती म्हणाली, “ते नको लिहू, बाबा. नंतर फिरला असंच लिही.”

“तसं कसं लिहू? मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगावं लागेल तुम्हाला.”

सीनियरांनी डोळ्यांनी दटावलं तेव्हा कुठे मी थांबलो. आजही त्या उत्साहाची लाज वाटते. मला कलम सापडलं होतं, आणि नवऱ्याच्या माघारी तिच्या दुःखात उरलेला एकुलता एक सोबती मी तिच्याकडून काढून घेत होतो.

फिर्याद वाचून दाखवली. तारखेशी तिने मला थांबवलं, ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं आणि सही केली.

“म्हणजे त्या दिवशी,” ती म्हणाली, “माझ्या घरात मी एकटीच रडत होते.”