तेराव्याचे तांदूळ

हायकोर्टाचा निकाल समजावून सांगायला कुंडलिक तात्या तळेघरच्या वरच्या वाडीवर पोचले, तेव्हा गोकुळच्या अंगणात पेढ्यांचा बॉक्स उघडून ठेवला होता. गुलाल तेवढा उधळायचा राहिला होता. तात्यांना तो बॉक्स बघूनच थकवा आला. आयुष्यभर त्यांनी अशा पेढ्यांवर पाणी ओतायचं काम केलं होतं.

तात्या घोडेगावात नूतनताई वकिलांकडे कारकून. त्याआधी ताईंच्या सासऱ्यांकडे. गाव अवसरी खुर्द, घरी भावांची चांगली बागायत. असं असताना हा माणूस दुसऱ्यांच्या जमिनीचे कागद काखोटीला मारून का हिंडतो, हा प्रश्न अवसरीच्या पारावर अजूनही निघतो. त्याचं उत्तर तात्यांनाही देता येत नाही. सुरुवातीला पोटासाठी, मग सवयीनं, आणि आता सोडलं तर या डोंगरातल्या लोकांनी इंग्रजी कागद घेऊन कुणाच्या दारात जायचं, म्हणून. गुडघे कुरकुरतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. एसटी तळेघरला सोडते आणि पुढं पायच. त्या दिवशी चढावर ते बऱ्याचदा बसले, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणाले की ही शेवटची खेप.

"तात्या, घ्या पेढा," गोकुळ म्हणाला. "फोनवर बातमी आली. रिट मंजूर. इतकी वर्षं लागली, पर जिकलो."

गोकुळ हा अंबाबाईचा थोरला. बाप सावळेराम, ज्याला घरात आप्पा म्हणत, खटला चालू असतानाच वारला, तेव्हापासून कागदावर आई आणि लेकांची नावं लागली. अंबाबाई ओट्यावर सुपात नाचणी निवडत बसली होती. तिनं पेढा घेतलेला दिसत नव्हता.

"बस आधी," तात्या म्हणाले. "पेढा मग."

त्यांनी निकालाच्या प्रती बाहेर काढल्या, पण वाचायला घेतल्या नाहीत. कागद वाचून दाखवला की माणूस माना डोलवतो आणि काही कळलेलं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. नूतनताईंनी आदल्या दिवशी मुद्देसूद समजावून सांगितलं होतं, तेच त्यांनी आपल्या बोलीत मांडायला घेतलं.

"तुमची भाताची खाचरं ओतूरच्या बाईंची. तुमी कूळ. सत्तावन्न सालच्या एक एप्रिलला कायद्यानं बहुतेक कुळं मालक झाली. पण मालकीण विधवा आसंल तर कायदा म्हनला, थांबा. बाई हयात हाय तोवर कुळाचा खरेदीचा हक्क लांबनीवर. बाई गेल्यावर वारसाला एक वर्ष, सोता कसायची झाली तर जमीन मागायला. ते वर्ष सरलं की कुळाला एक वर्ष. त्या वर्षात मालकाला आन तहसीलदाराला लेखी कळवायचं, की आमी जमीन घेतोय."

"आमचं आप्पा अर्ज घिऊन पाचव्या वर्षी गेलं," गोकुळ म्हणाला.

"तेच तर. खालच्या दोन ठिकानी आपल्या बाजूनं झालं, पण पुण्याच्या महसूल न्यायाधिकरनानं उशीर झाला म्हनून आपल्याला बाद केलं. त्यावर आपन हायकोर्टात. आता हायकोर्ट काय म्हनतं? सुप्रीम कोर्टानं काही वर्षांमागं ठरवून दिलंय, की बाई गेली हे वारसानं कुळाला कळवलं पायजे. त्यानं कळवलंच नसंल तर कुळाचं वर्ष सुरूच कसं व्हनार? आन वारसानं कळवलं का, कधी कळवलं, हे आजवर कुनी तपासलेलंच न्हाई. म्हनून न्यायाधिकरनाचा निकाल रद्द."

"मग जिकलो की."

"ऐक. तहसीलदाराचा आपल्या बाजूचा निकाल, तोबी रद्द. प्रांताचाबी. सगळं पुसून परत तहसीलदाराकडं. फेरचौकशी."

गोकुळनं हातातला पेढा बॉक्सात परत ठेवला.

तात्यांनी अंगणाच्या कडेला मळलेल्या भाताचा ढीग बघितला. "मळनी झाली, ढीग लागला," ते म्हणाले. "हायकोर्ट म्हनतं, उफननी नीट झाली न्हाई, परत उफना. ढीग कुनाच्या कनगीत जायचा ते उफनल्यावर. तोवर ताबा जसा हाय तसा. जमीन तुमीच कसायची, तुमाला कुनी काढू शकत न्हाई. पर इकायची न्हाई, गहान टाकायची न्हाई, तिच्यावर काई बांधायचं न्हाई. सातबाऱ्यावर कूळ म्हनून नाव हाय, ते तसंच राहील."

"म्हंजे सगळं त्या एका गोष्टीवर," गोकुळ सावकाश म्हणाला. "मालकानं कळवलं का न्हाई."

"त्या एका गोष्टीवर."

तेवढ्यात अंबाबाईनं सूप खाली ठेवलं. "पर आमाला निरोप आला व्हता ना," ती म्हणाली.

"आये, तू गप," गोकुळ पटकन म्हणाला.

"गप काय? मंगशीर व्हता. भात नुकतं झोडलं व्हतं. बाईंच्या दत्तक लेकानं मानूस धाडला. बाई गेल्या, तेराव्याला तांदूळ घिऊन या म्हनला, नवे घिऊन या. ह्यांनी राती भात कांडून घेतलं. दोघंबी डोईवर घिऊन गेलो. पंगतीला आमचाच तांदूळ व्हता." तिच्या आवाजात अभिमान होता. खंडाचं धान्य काय, तेराव्याचे तांदूळ काय, मालकाच्या घरी कमी पडू दिले नाहीत, ही या घराची इभ्रत होती. आणि आता तीच गळ्याशी आली होती, हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. "म्हंजे," ती तात्यांकडे बघून म्हणाली, "तांदूळ नेले हे आमचं चुकलं?"

तात्यांना अशाच एखाद्या प्रश्नाची वाटभर भीती वाटत होती. "चुकलं न्हाई, आक्का. पर मालकाचा वकील त्यालाच धरनार. म्हननार, निरोप धाडला, तेच कळवनं. तुमी तेरावं जेवलात, म्हंजे बाई गेल्याचं तुमाला म्हाईत."

"आन मग आप्पांनी येळेत अर्ज का केला न्हाई?" गोकुळ चिडून म्हणाला. त्याचा राग कुणावर हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"सुतकातल्या घराकडं जमीन मागायला जातंय का कुनी?" अंबाबाई म्हणाली. "ते म्हनलं, वरीसभर थांबू. मग वर्षश्राद्ध झालं. मग म्हनलं, पोरगं आजून सावरलं न्हाई. असंच चाललं. आमी दर साली खंड देतच व्हतो, तो घेतच व्हता. कोन काय म्हनलंच न्हाई."

अशी माणसं तात्यांनी खूप बघितली होती. मुदत काय असते ते माहीत नव्हतं म्हणून हरलेली कमी, आणि लाज वाटली म्हणून हरलेली जास्त. कायद्यात लाजेला रकाना नाही. या बाईचं सगळं म्हातारपण त्या खाचरांवर उभं होतं, आणि तात्यांना तिचा फार कळवळा आला.

"तात्या," गोकुळ खालच्या आवाजात म्हणाला, "तो मानूस कवाच मेलाय, निरोप घिऊन आलेला. आये बोलली न्हाई तर कुनाला कळनार हाय?"

तात्यांनी कागदांची घडी घातली. हो म्हणणं सोपं होतं. वाडी तोंड मिटून बसली असती.

"मी खोटं शिकवत न्हाई," ते म्हणाले. "शिकवलं तरी आक्काला जमनार न्हाई, पहिल्याच प्रश्नाला पकडतील आन बाकीचं खरंबी वाया जाईल. एक सांगतो. अर्धं सांगू नका. निरोपात जे शब्द व्हते, तेवढे सगळे सांगा. आपल्या मनचा एकबी शब्द घालू नका, गाळूबी नका."

"म्हंजे त्यानं काम व्हईल का?" गोकुळनं विचारलं.

"ते मला म्हाईत न्हाई," तात्या म्हणाले. "नूतनताईंनाबी न्हाई. तसा निरोप कायद्यानं कळवनं धरायचा का न्हाई, हेच तहसीलदारानं ठरवायचंय. दोन्ही बाजूंनी बोलता येतं."

फेरचौकशीच्या तारखेला अंबाबाई पहाटेच निघाली. घोडेगावच्या तहसील कचेरीत जबाब सुरू झाला तेव्हा ऊन चढलं होतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला ओतूरचे मालक, तेच दत्तक पुत्र, आता सत्तरीचे, हातात काठी धरून. मालकाच्या वकिलांनी उलटतपासणीत फार फाटे फोडले नाहीत. बाईंच्या तेराव्याला गेला होतात का, एवढंच विचारलं.

"व्हय."

वकिलांनी समाधानानं मान हलवली. कचेरीतल्या कारकुनानं लिहून घेतलं. मग नूतनताई उठल्या आणि फेरतपासणीत त्यांनी विचारलं, निरोपाचे शब्द काय होते.

अंबाबाईनं डोळे मिटले. "बाई गेल्या. तेरावं शुक्रवारी. नवे तांदूळ घिऊन या, पंगत मोठी हाय."

"जमिनीबद्दल काही? पुढं मालक कोण, काय?"

"न्हाई. तांदळाचंच म्हनला."

कारकुनानं 'मयताबाबत निरोप मिळाला' एवढंच लिहिलं होतं. नूतनताईंनी हरकत घेतली. निरोपाचे शब्द जसेच्या तसे नोंदवावेत म्हणाल्या, आणि तहसीलदारांनी ते नोंदवून घेतले. त्यानंतर मालकांचा जबाब. त्यांना विचारलं, आपण वारस झालो असं कुळाला कधी कळवलं होतं का.

म्हातारा जरा गोंधळला. "कळवायचं काय त्यात?" तो म्हणाला. "ते तर घरचेच. तेराव्याला आलेच होते की."

हेही जसंच्या तसं लिहिलं गेलं. प्रकरण निकालासाठी बंद झालं. निकाल काहीही लागला तरी हरलेली बाजू प्रांताकडे अपील करणार, तिथून पुन्हा पुण्याला, हे तात्यांनी कचेरीच्या दारातच सांगून टाकलं. गोकुळनं कपाळाला हात लावला.

अंबाबाईनं पिशवीतून कापडाची एक पुरचुंडी काढली आणि बाकाकडे वळली. मंगशीर होता. मालकीणबाईंचं श्राद्ध याच पंधरवड्यात येतं, हे तिच्या ध्यानात होतं. गोकुळ तिला धरायला पुढं झाला. तात्यांनाही वाटलं की थांबवावं, उद्या मालकाचा वकील या पुरचुंडीलाही खंडच म्हणेल. पण ते जागचे हलले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काही समजावून सांगायची इच्छा झाली नाही.

"बाईंसाठी," अंबाबाई मालकांना म्हणाली. "नवा तांदूळ हाय. खटला खटल्याच्या जागी."

मालकांनी दोन्ही हातांनी पुरचुंडी घेतली.

"एक तेवढं करा," ती म्हणाली. "आता पुन्ना आमाला काई कळवायचं आसंल, तर तांदळाचं कळवू नका. जमिनीचं कळवा."

मग ती गोकुळचा हात धरून जिना उतरू लागली. तात्या दोन पायऱ्या मागं राहून, कठड्याला धरत, तिच्या मागोमाग उतरले.