उद्दिष्ट क्रमांक तीन

माझ्या नवऱ्याच्या मृत्यूचा उल्लेख मला पहिल्यांदा छापील अक्षरांत दिसला तो एका अंतिम अहवालाच्या मसुद्यात. वाक्य असं होतं: ‘संस्थाप्रमुखांच्या दुःखद निधनामुळे उद्दिष्ट क्रमांक तीन अपेक्षेप्रमाणे पूर्ण होऊ शकले नाही.’

मसुदा नवऱ्याच्या संस्थेच्या समन्वयकांनी आणून दिला होता. यवतमाळला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. भाषा तपासायचं काम नेहमी माझ्याकडे येई. नवरा असताना तो कागद माझ्या ताटाशेजारी ठेवून जायचा. समन्वयक मात्र खुर्चीच्या कडेवर बसून राहिले.

“वहिनी, फक्त शुद्धलेखन पाहा. बाकी सारं झालं हाये.”

“मूळ प्रस्ताव आहे का तुमच्याकडे?”

“तो कायले लागते?”

हा प्रश्न मला आवडला नाही. चहा घेताना त्यांनी मोबाइल पालथा घालून ठेवला होता, तेही मला उगीचच खटकलं. माणूस गेल्यावर घरात येणाऱ्या प्रत्येकाकडे आपण असंच बघायला लागतो. कोण काय घेऊन जाईल, याकडे लक्ष ठेवतो.

प्रस्ताव मला नवऱ्याच्या कपाटात सापडला. त्यातली उद्दिष्टं मी एका कागदावर डावीकडे उतरवली आणि अहवालातले परिणाम उजवीकडे. पांढरकवड्याच्या बाजूला कोलाम आदिवासींच्या आठ पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, काम होतं. पहिलं उद्दिष्ट, प्रत्येक पोडावर बायकांचा गट उभा करणं. दुसरं, ज्वारी, तूर, मूग यांचं बी निवडून राख-कडुलिंब लावून साठवायला बायकांनी शिकणं. तिसरं, प्रत्येक गटाने आपली बियाण्याची कोठी स्वतः चालवणं: कुणाला द्यायचं ते गटाने ठरवायचं, पायलीला सव्वा पायली परत घ्यायची, आणि पुढच्या पेरणीला पुरेल इतकं बी शेवटी कोठीत शिल्लक असायचं.

उजवीकडे भरायला मसुद्यात पुष्कळ होतं. प्रशिक्षणं झाली, मेळावा झाला, आमदार आले, फोटो निघाले. पण यातलं बरंचसं ‘आम्ही काय केलं’ होतं. ‘त्यामुळे काय बदललं’ हे नव्हतं. तिसऱ्यासमोर तर फक्त ते निधनाचं वाक्य. कोठ्यांत बी किती उरलं, याबद्दल एक शब्द नाही.

नवरा पौषात गेला. कोठ्या भरायच्या त्या त्याआधी, सुगीला. मग त्याच्या मरणाने कोठ्या रिकाम्या कशा झाल्या?

मला वाटलं, बी विकलं गेलं. हे वाटलं तेव्हा मला थोडं बरंही वाटलं, हे लिहून ठेवते. रागवायला कुणीतरी मिळालं होतं.

समन्वयकांना बोलावून मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला.

“कोठ्यांत काय आहे?”

“तीनमंदी हाये. पाचमंदी नाही.”

“काहून नाही?”

त्यांच्या बोलीतला शब्द माझ्या तोंडून आला, तसे ते दचकले. मग म्हणाले, “भाऊनं वाटून टाकलं.”

मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं. माझा विश्वास बसला नाही, आणि ते त्यांना दिसलं.

“तुमाले खोटं वाटून राह्यलं असन तर चाला पोडावर. मी जीप काढतो.”

आम्ही गेलो. आपण पोचायच्या आधीच यांनी फोन करून तिथे काही पढवून ठेवलं असेल का, असं रस्ताभर माझ्या मनात येत होतं. पोडावर पोचल्यावर मी त्यांना जीपजवळच थांबायला सांगितलं. गटाची अध्यक्ष, माझ्याहून थोडी लहान बाई, कुडाच्या भिंतीशी तुरी पाखडत होती. मी कोण हे सांगितल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं.

“भाऊची बाई तू?”

“हो. कोठीतलं बी कुठं गेलं, ते विचारायला आले.”

“तुले त्याहीनं सांगतलं नाही?” ती जीपकडे बघून मोठ्याने म्हणाली, “याहीले तं तोंडच नाही!” मग माझ्याकडे वळली. “पेरलं, अन् पानी गेलं. समदं करपलं. खालच्या गावचे लोक आले, भाऊच्या पाया पडले. भाऊ गाडी करून आलते. बसवत नव्हतं त्याहीले, खाटेवर टेकलते. म्हने, चावी दे. राखीव होतं ते समदं वाटलं. कोनाले दिलं, किती दिलं, काही नाही. परत कोन आनन?”

“चांगलंच केलं ना त्यांनी?” मी म्हटलं.

“चांगलं केलं. मंग कोठी आमची काहून म्हनत होते?” ती म्हणाली. “आमी बी दिलं असतं. आमच्या मनानं दिलं असतं. थोडं ठेवलं असतं. इचारलं असतं तं.”

मी तो दिवस विचारला. आषाढीच्या सुमारास, बाजाराच्या दिवशी, एवढं तिला आठवत होतं. मलाही तो दिवस आठवला. त्या दिवशी तो नागपूरला तपासणीला गेला होता. निदान मला तसं सांगून गेला होता. संध्याकाळी येऊन म्हणाला होता, डॉक्टर रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात बोलावलंय. मी डॉक्टरांना नावं ठेवली होती.

परतताना समन्वयकच बोलले. “म्या तुमच्यासाठीच तसं लिवलं होतं वहिनी. भाऊचं नाव खराब नको व्हायले. अन् पैसे देनाऱ्यायले कळलं का इचारल्याबिगर योजना बदलली, तं दुसरा टप्पा गेला. दोन पोरी कामावर हायेत आपल्या.”

“मग तुम्हांला काय वाटतं, त्यांना कळणार नाही?”

“कळन. पन मेलेल्या मानसाले कोन इचारते?”

“मी,” मी म्हटलं.

लिहायला मला बरेच दिवस लागले. पहिली दोन उद्दिष्टं सरळ होती. मेळावा आणि आमदार उपक्रमांच्या यादीत गेले, आणि परिणामांत ‘आठही गटांतील महिला बियाणे स्वतः निवडून साठवतात’ एवढं राहिलं. ते मी नंतर आठही पोडांवर जाऊन पाहिलं होतं, आणि पाच कोठ्यांची हकीकतही तिथे तीच ऐकली होती. तिसऱ्यापाशी मी अडले. आधी लिहिलं, ‘दुष्काळसदृश परिस्थितीत मानवतेच्या भूमिकेतून’. खोडलं. मग ‘प्रमुख गंभीर आजारी असल्याने’. तेही खोडलं. ज्याला पोडापर्यंत जाता आलं, त्याला देणगीदारांना फोन करता आला असता.

शेवटी राहिलं ते असं:

‘उद्दिष्ट तीन अंशतः साध्य. आठपैकी तीन कोठ्यांत पुढील पेरणीपुरते बियाणे आहे, पाच रिकाम्या आहेत. पहिली पेरणी वाया गेल्यावर संस्थाप्रमुखांनी या पाच कोठ्यांतील राखीव बियाणे नोंद न ठेवता वाटले, त्यामुळे ते परत आले नाही. हा निर्णय महिला गटांनी घ्यायचा होता. त्यांना विचारले गेले नाही. देणगीदार संस्थेला वेळेत कळवले नाही; कळवायला हवे होते. यापुढे चाव्या गटांकडेच राहतील आणि वाटपाचा निर्णय गटाच्या बैठकीतच होईल.’

वाटलेलं बी आसपासच्या शेतांत उगवलं, हे खरं होतं. ते मी वेगळ्या परिच्छेदात, ‘अनपेक्षित परिणाम’ म्हणून घातलं. अपयशावर ते पांघरूण घातल्यासारखं दिसू नये म्हणून खाली, आणि किती उगवलं ते मोजलेलं नाही, हेही लिहून.

समन्वयकांनी उभ्यानेच वाचलं.

“भाऊ असते तं हे जाऊ दिलं असतं का?”

“नसतं,” मी म्हटलं. “मी रात्रभर भांडले असते.”

ते हसले, पहिल्यांदाच. मग विचारलं, “अन् ते निधनाचं?”

ते मी प्रस्तावनेत नेलं होतं. ‘प्रकल्पाच्या काळात संस्थाप्रमुखांचे निधन झाले.’ त्याच्यापुढे ‘मुळे’ नाही, ‘म्हणून’ नाही.

अहवाल गेला. दुसऱ्या टप्प्याबद्दल उत्तर अजून नाही. नागपूरचे ते डॉक्टर त्या दिवशी खरंच रजेवर होते का, ही चौकशी मात्र मी केलेली नाही. त्यांचा फोन नंबर त्याच कपाटात, प्रस्तावाच्या खाली आहे.