चारशे मिलीचं तेल

नवऱ्याच्या कंबरेचं दुखणं वाढलं आणि आमची ई-रिक्षा माझ्या हाती आली. देऊळघाटहून बुलढाण्याला कॉलेजच्या मुली, कोर्टकचेरीची माणसं, भाजीची पोती अशा खेपा मी करायचे. गाडी सासऱ्यांच्या नावावर होती. संध्याकाळी किल्ली त्यांच्या उशाशी जायची आणि सकाळी मागून घ्यावी लागायची. ते नाही म्हणायचे नाहीत, पण द्यायला जरा वेळ लावायचे.

पुढे मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलमधून घूं असा आवाज येऊ लागला. मोटरची ताकद तिथल्या गिअरमधून दोन्ही चाकांना जाते. चौकातल्या मिस्त्रीने बजावलंच होतं, की पहिल्या हजार किलोमीटरला तेल बदललं, आता दर पाच हजाराला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदलायचं. पाच हजार होऊन गेले होते. मी घरी तसं सांगितलं.

"मिस्त्रीकडं कायले जातं?" सासरे म्हणाले. "ट्रॅक्टरचं नव्वद नंबरचं गिअरचं तेल हाये घरात. मी टाकतो."

"मामाजी, मिस्त्री म्हणे या गाडीले चारशे मिलीच लागते."

"चारशे मिलीनं काय होते? ट्रॅक्टरले डबे लागतात. तेल जास्त असलं तं गिअर थंडे राह्यतात."

त्यांनी जुनं काळं तेल खालून सोडलं, वरचं बूच उघडलं आणि डबा रिकामा होईपर्यंत ओतलं. बाजूला पातळी बघायचा एक स्क्रू असतो, त्याला हात लावला नाही. मी कंदील धरावा तशी मोबाइलची बॅटरी धरून उभी होते. आवाज थांबला, आणि सासरे दोन दिवस गावभर सांगत फिरले.

आठवड्याभरात पायाचा ब्रेक दाबूनही गाडी हळू होईना. मी घरी सांगितलं, तर "ब्रेक ताणून घे" एवढंच उत्तर मिळालं. ताणून घेतला. दुसऱ्या दिवशी शहरातल्या उतारावर मागे तीन बायका बसलेल्या असताना पाय पूर्ण खाली गेला आणि गाडी तशीच पळत राहिली. पुढच्या चाकाचा हातब्रेक दाबला, गाडी थरथरली, तरी थांबेना. खाली चौक होता. उजवीकडे बस, डावीकडे बांधकामाच्या वाळूचा ढीग. मी गाडी वाळूत घातली. एका बाईचं कोपर खरचटलं, बाकी कुणाला काही झालं नाही.

घरी सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाईच्या हातात गाडी देल्ली, हेच चुकलं. उद्यापासून घरीच राह्य." नवरा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होता. मी भाकऱ्या थापत बसले. स्वयंपाकघराच्या दारातून गाडीचं मागचं चाक दिसायचं. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट काळा डाग पसरला होता. तो मी चार-पाच दिवस बघत राहिले. बघूनही कोणाला सांगू, हे कळत नव्हतं.

शेवटी नवऱ्यानेच मिस्त्रीला फोन लावला. मला न विचारता, वडिलांनाही न विचारता. मिस्त्री अंगणात येऊन बसला, चाक काढलं, ड्रम काढला. आतले ब्रेकचे लायनर तेलात भिजलेले होते.

"काकाजी, तेल कोनं भरलं?"

"मी."

त्याने खाली ट्रे सरकवला आणि बाजूचा स्क्रू फिरवला. तेलाची धार सुरू झाली. सगळे बघत होते. ती थांबता थांबेना.

"गाडी सपाट जागी उभी करून या भोकापर्यंतच भरायचं. त्याच्यावर गेलं तं गरम होऊन फुगते, एक्सलच्या सीलमधून बाहेर येते, थेट ब्रेकवर. मोटरमधे गेलं असतं तं मोटरही गेली असती. तेल तुमचं बरोबर हाये, माप चुकलं."

"मंग मले कोनी सांगितलं काऊन नाही?" सासरे म्हणाले.

मी चुलीकडे पाहिलं. नवरा खाटेवरून म्हणाला, "तिनं सांगितलं होतं, बाबा."

मिस्त्रीने दोन्ही सील आणि लायनर बदलले, ड्रम पुसून कोरडे केले. संध्याकाळी सासऱ्यांनी किल्ली आणली. माझ्या हातात दिली नाही, खाटेच्या कडेला ठेवून निघून गेले. मी ती बराच वेळ उचलली नाही.

आता तेल मीच भरते, मापाच्या भांड्याने, आणि बाजूच्या भोकातून थेंब दिसला की थांबते. त्या वेळी सासरे अंगणात खुर्ची टाकून बघत बसतात. किल्ली अजून त्यांच्याच उशाशी असते. सकाळी मी उभी राहते, आणि ते पूर्वीसारखाच जरा वेळ लावतात.